ट्रेनी आणि सीनियर यांच्या मेंटॉरिंगच्या जोड्या: कशा जुळवायच्या आणि कशा संपवायच्या?

ओसरी

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआर बघते. ऑगस्टमध्ये १४ ट्रेनी इंजिनियर रुजू झाले, काही डिग्रीवाले, काही डिप्लोमावाले. जानेवारीपासून त्यांच्यासाठी मेंटॉरिंग सुरू करायला व्यवस्थापनाची मंजुरी मिळाली आहे. ११ सीनियर तयार आहेत. त्यात टूलरूम, मेंटेनन्स, क्वालिटी, प्लॅनिंग, डिझाइन असे सगळे आहेत.

सध्याचा आराखडा असा आहे. जोड्या मी आणि प्लँट हेड बसून ठरवणार. त्याच विभागातला सीनियर आणि त्याच विभागातला ट्रेनी. कालावधी जानेवारी ते डिसेंबर. महिन्यातून एक भेट, शिफ्ट सुटल्यावर. डिसेंबरात एक कार्यक्रम, प्रमाणपत्रं, फोटो.

दोन प्रश्न आहेत. जोड्या जुळवायची याहून चांगली पद्धत आहे का? आणि एखादी जोडी चाललीच नाही, तर ती कोणाला न दुखावता कशी बंद करायची? दुसऱ्या प्रश्नाची मला जास्त काळजी आहे. ट्रेनी कधीच तोंडाने सांगणार नाही की "मला हे सर नकोत".

प्राध्यापक_बाबा

आमच्या महाविद्यालयात नॅकमुळे मेंटॉर-मेंटी योजना आहेच. एका प्राध्यापकाकडे २० विद्यार्थी, हजेरीपत्रक, दर सत्रात दोन बैठका, प्रत्येक विद्यार्थ्याची माहितीपुस्तिका. जुळवणी रोल नंबरप्रमाणे होते, त्यामुळे वाद होत नाही. तुम्हीही आडनावांच्या क्रमाने वाटून टाका. फाइल मात्र व्यवस्थित ठेवा, तपासणीच्या वेळी तीच लागते.

पाना_पक्कड

सर, तुमची योजना वेगळ्या कामासाठी आहे. २० विद्यार्थ्यांमागे एक माणूस म्हणजे पालक-शिक्षक झाला. कोण गैरहजर राहतो, कोणाच्या घरी अडचण आहे, हे वेळेत कळावं यासाठी ती ठीक आहे. ओसरीताई विचारतात ती एकास एक जोडी आहे आणि तिच्यात ट्रेनीने आपलं अडलेलं सांगायचं असतं. तिथे फाइल तपासली जाणार आहे असं कळलं की तो सांगणं थांबवतो.

ओसरीताई, आधी आराखड्यातल्या तारखांबद्दल बोलतो, कारण जुळवणी कितीही चांगली केली तरी या तारखा ती मोडतील.

ट्रेनी ऑगस्टमध्ये आले म्हणजे कन्फर्मेशन पुढच्या ऑगस्टला. त्याचे फॉर्म जुलैत एचओडींकडे जातात. तुमचं मेंटॉरिंग तेव्हा ऐन भरात असेल. एचओडी कँटीनमध्ये मेंटॉरला सहज विचारणार, "कसा आहे हो तो पोरगा?" मेंटॉर चांगल्या मनाने दोन वाक्यं बोलणार. त्यातलं एक वाक्य फॉर्ममध्ये उतरणार. ही गोष्ट एका ट्रेनीला कळली की आठवड्यात चौदा जणांना कळते आणि त्यानंतरच्या भेटींमध्ये सगळे फक्त "सगळं छान चाललंय सर" म्हणतात. म्हणून जोड्या जूनअखेर संपवा. जानेवारी ते जून, सहा महिने पुरेत. जुलैत फॉर्म भरताना मेंटॉरिंग चालू असता कामा नये.

महिन्यातून एक भेट हे फार विरळ आहे. एक भेट हुकली की दोन महिन्यांचं अंतर पडतं आणि पुन्हा ओळखीपासून सुरुवात होते. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी, पुढे दर तीन आठवड्यांनी, असं धरलं तर जूनपर्यंत नऊ-दहा भेटी होतात.

आणि शिफ्ट सुटल्यावर भेट ठेवू नका. कंपनीची बस कोणासाठी थांबत नाही. पोरगा पाच मिनिटं बोलेल आणि घड्याळ बघेल. भेट कामाच्या वेळेतच हवी, त्यासाठी लाइनवर रिलीव्हर हवा आणि रिलीव्हर मिळण्यासाठी प्लँट हेडची लेखी परवानगी हवी. चौदा ट्रेनींच्या दहा भेटी, तासाची एक, म्हणजे एकूण १४० तास. हा आकडा आत्ताच त्यांच्यापुढे ठेवा. नंतर महिनाअखेरीला डिस्पॅचच्या गडबडीत पहिली कुऱ्हाड याच तासांवर पडते.

मीठभाकर

शिफ्टचा अजून एक घोळ. ट्रेनी रोटेशनमध्ये असतील आणि मेंटॉर जनरलमध्ये, तर तीन आठवड्यांत रात्रपाळीचा आठवडा पूर्ण कोरा जातो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारचा तास-दीड तास मिळतो, तोही मेंटॉर मीटिंगमध्ये नसेल तर. जुळवणीच्या आधी दोघांचं शिफ्टचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघा. जिथे तीन आठवड्यांत दोन समान खिडक्या निघत नाहीत ती जोडी कागदावर कितीही छान दिसली तरी करू नका.

गोदाकाठ

मला मूळ कल्पनेबद्दलच बोलायचं आहे. शिकवणारा आणि शिकणारा यांचं नातं फॉर्म भरून होत नाही आणि ३० जूनला संपतही नाही. जुन्या कारखान्यांत मिस्त्री आपला शागीर्द आपणच हेरायचे. ते एकत्र डबा खायचे, त्यातून काम उतरायचं. तुम्ही सगळ्यांना एकत्र आणा, महिनाभर वेगवेगळ्या विभागांत फिरवा, जोड्या आपोआप लागतील. बंद करण्याचा प्रश्नच कशाला काढायचा?

आणि जोडी त्याच विभागातली असावी हे मला पूर्ण पटतं. टूलरूममधल्या पोराला प्लॅनिंगची बाई काय सांगणार?

निळावंती

गोदाकाठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. आपोआप लागलेली जोडी जास्त खोल जाते. कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये एका कंपनीतल्या १८ जोड्यांच्या मुलाखतींवरून या नात्याचे टप्पे मांडले, त्या जोड्या अशाच आपसूक जमलेल्या होत्या. त्यांचा भरीचा काळ दोन ते पाच वर्षांचा होता, आणि तुटण्याचाही स्वतंत्र टप्पा होता, बराच अवघड. म्हणजे आपसूक जमलेलं नातंही संपताना त्रास देतंच.

पण आपोआपमध्ये कोण सुटतं ते बघा. मिस्त्री ज्याला हेरतात तो आधीच बोलका असतो, पुढे पुढे करणारा असतो, बहुतेकदा त्यांच्याच गावाकडचा किंवा त्यांच्यासारखा असतो. बुजरा, दुसऱ्या राज्यातून आलेला, किंवा मशीनशॉपमधली एकटी मुलगी, यांना कोणी हेरत नाही. कंपनी कार्यक्रम आखते तो यांच्यासाठी. म्हणून जुळवणी लागते, आणि कंपनीने जोडलेली जोडी कंपनीनेच सोडवायची असते.

विभागाबद्दल मी उलट सांगेन. त्याच विभागातला सीनियर म्हणजे उद्याचा साहेब. आज रिपोर्टिंगमध्ये नसला तरी त्याच एचओडीच्या हाताखाली असतो. ट्रेनीला रोजचं काम शिकवायला सुपरवायझर आहेच. मेंटॉर दुसऱ्या विभागातला हवा, पण ट्रेनीच्या कामाशी ज्याचा रोजचा संबंध येतो असा. टूलरूमच्या पोराला प्लॅनिंगच्या बाई हे सांगतील की डाय दोन दिवस उशिरा मिळाली तर पुढे काय काय अडतं. ते टूलरूममध्ये बसून दिसत नाही.

सुतारपक्षी

आमच्याकडे तीन जुने फोरमन दोन वर्षांत रिटायर होणार आहेत. डाय सेटिंगमधलं त्यांना जे कळतं ते कुठेच लिहिलेलं नाही. साहेब म्हणतात यांनाच मेंटॉर करा, म्हणजे ज्ञान पुढे जाईल. हा धागा वाचून वाटलं, आम्हीही असंच करावं.

पाना_पक्कड

सुतारपक्षी, ते मेंटॉरिंगमध्ये घालू नका, दोन्ही बिघडेल. तुमच्या कामात विषय फोरमनचा आहे: कोणती डाय कोणत्या प्रेसवर कशी बसते, शिम कुठे लागतो, कोणता आवाज आला की थांबायचं. त्याला यादी लागते, मशीनजवळ उभं राहावं लागतं, व्हिडिओ घ्यावे लागतात आणि शेवटी पोराने एकट्याने डाय बसवून दाखवायची असते. मेंटॉरिंगमध्ये विषय ट्रेनी आणतो. एकाच तासात दोन्ही करायला गेलात तर फोरमनच बोलत राहतात, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे.

ओसरी

पानाभाऊ, तारखांचं मान्य, उद्याच आराखडा बदलते. १४० तासांचा आकडा वापरणार. निळावंती, विभाग वेगळा ठेवायचा तर जुळवायचं कशावरून? मी आणि प्लँट हेडनी अंदाजाने ठरवणं आता मलाच पटेनासं झालंय.

निळावंती

दोन छोटे फॉर्म करा, एका पानाच्या आत.

ट्रेनीच्या फॉर्ममध्ये मुख्य प्रश्न एकच: "येत्या सहा महिन्यांत कोणती एक गोष्ट तुम्हाला स्वतःहून करता यावी असं वाटतं?" आवडीनिवडी, छंद, व्यक्तिमत्त्व चाचणी, काही नको. उत्तर ठोस येईपर्यंत त्याच्याशी पाच मिनिटं बोला. "कम्युनिकेशन सुधारायचं" हे उत्तर नाही. "क्वालिटीच्या मीटिंगमध्ये रिजेक्शनचं कारण विचारलं की माझी बोबडी वळते, तिथे मुद्देसूद बोलता यावं" हे उत्तर आहे.

मेंटॉरच्या फॉर्ममध्ये विचारा: "कोणत्या गोष्टीत मदत करू शकता, आणि कोणत्या गोष्टीत करू शकत नाही?" दुसरा अर्धा जास्त उपयोगी पडतो. आणि "किती ट्रेनी घ्याल?" पहिल्या वर्षी दोनच्या वर कोणालाही देऊ नका.

मग सगळ्या मेंटॉरांची ही पानं ट्रेनींना वाचायला द्या. प्रत्येकाने तीन पसंत्या क्रमाने लिहायच्या. ज्या मेंटॉरना पसंती आली त्यांना त्या ट्रेनींचे प्रश्न द्या, नाव झाकून, आणि कोणाला जास्त मदत करता येईल त्या क्रमाने लावायला सांगा. त्यानंतर टेबलावर चिठ्ठ्या मांडून जुळवायचं. ही रीत गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडली. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रेसिडेन्सीची हॉस्पिटलं याच धर्तीवर मिळतात. शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल या विषयातल्या कामासाठी मिळालं. संगणक लागत नाही, चौदा जणांचं अर्ध्या तासात होतं.

पाच ट्रेनी आणि चार मेंटॉर घेऊन दाखवते. क्वालिटीचे मेंटॉर दोघांना घेणार, बाकी सगळे एकेकाला.

ट्रेनींच्या पसंत्या:
क: टूलरूम, क्वालिटी, मेंटेनन्स
ख: टूलरूम, मेंटेनन्स, प्लॅनिंग
ग: टूलरूम, क्वालिटी, प्लॅनिंग
घ: मेंटेनन्स, टूलरूम, क्वालिटी
च: क्वालिटी, प्लॅनिंग, टूलरूम

मेंटॉरनी लावलेले क्रम:
टूलरूम: घ, ख, क, ग, च
मेंटेनन्स: ख, क, घ
क्वालिटी: च, ग, क, घ
प्लॅनिंग: ग, ख, च

आता प्रत्येकाची चिठ्ठी त्याच्या पहिल्या पसंतीपुढे ठेवा. टूलरूमपुढे क, ख, ग असे तिघे आले. तिथल्या क्रमात ख वर आहे, म्हणून ख थांबला, क आणि ग सुटले. घ मेंटेनन्सपुढे, च क्वालिटीपुढे. सुटलेले क आणि ग आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, म्हणजे क्वालिटीकडे गेले. तिथे जागा दोन आणि माणसं तीन. च आणि ग राहिले, क पुन्हा सुटला. क तिसऱ्या पसंतीकडे, मेंटेनन्सकडे गेला. मेंटेनन्सला घपेक्षा क हवा, म्हणून घ सुटला. घ टूलरूमकडे गेला, तिथे तो खच्या वर आहे, म्हणून ख सुटला. ख मेंटेनन्सकडे आला, तिथे तो कच्या वर आहे, क पुन्हा सुटला आणि कची यादी संपली.

निकाल: घ टूलरूमकडे, ख मेंटेनन्सकडे, ग आणि च क्वालिटीकडे. क मोकळा आणि प्लॅनिंगच्या मेंटॉर मोकळ्या.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की शेवटची चिठ्ठी थांबेपर्यंत कोणालाच काही कळवायचं नाही. मधल्या टप्प्यात "तुझं टूलरूम झालं" असं खला सांगून बसलात तर पुढे अडचण.

आकडेमोड्या

निळावंती, निकाल तपासला, बरोबर आहे. पण एक बघा. खला हवं होतं टूलरूम, मिळालं मेंटेनन्स. घला हवं होतं मेंटेनन्स, मिळालं टूलरूम. दोघांची अदलाबदल केली तर दोघांनाही पहिली पसंती मिळते! मग ही रीत कसली चांगली?

निळावंती

बरोबर पकडलंत. अदलाबदल केली तर दोन्ही मेंटॉरना त्यांच्या क्रमात खालचा ट्रेनी मिळतो. शिवाय मेंटेनन्सकडे घ आला की कची तक्रार खरी ठरते: मेंटेनन्सला घपेक्षा क जास्त हवा होता आणि क तर रिकामा बसला आहे. चिठ्ठ्यांच्या रीतीचं वचन एवढंच असतं की असा कोणी राहणार नाही, ज्याला दुसरीकडे जायचं आहे आणि तिथेही तोच जास्त हवा आहे. सगळ्यांना पहिली पसंती देण्याचं वचन त्यात नाही.

आकडेमोड्या

हॉस्पिटलला डॉक्टर निवडायचा असतो, तिथे हे ठीक. इथे मेंटॉरने लावलेल्या क्रमाला एवढं वजन का द्यायचं? त्याने चार ओळी वाचून लावलेला क्रम आहे तो. ट्रेनीला सहा महिने बसायचं आहे. माझ्या मते मेंटॉरला क्रम लावायला देऊच नये. फक्त "हा प्रश्न माझ्या आवाक्यातला नाही" एवढंच म्हणता यावं. मग ट्रेनींच्या पसंतीने जास्तीत जास्त जणांचं समाधान होईल असं वाटप करा.

पाना_पक्कड

मला आकडेमोड्यांचं जास्त पटतं, पण एका अटीवर. मेंटॉरचा क्रम काढलात तर टूलरूमच्या मेंटॉरकडे तिघांपैकी कोण, हे ठरवणार कोण? पुन्हा ओसरीताई आणि प्लँट हेड. तिथे वशिल्याची शंका येते. मग त्या तिघांत सरळ चिठ्ठी टाका, सगळ्यांसमोर.

निळावंती

मी अजून मेंटॉरच्या क्रमाच्या बाजूने आहे. ज्याला आपण निवडलं त्याच्यासाठी माणूस वेळ काढतो. पण यावर एकमत होणार नाही, ओसरीताईंनी त्यांचे अकरा मेंटॉर बघून ठरवावं.

मोकळ्या राहिलेल्या कबद्दल मात्र सांगते. रिकामी जागा प्लॅनिंगची आहे म्हणून त्याला तिथे ढकलू नका. त्याने त्यांचं नाव लिहिलेलंच नाही. त्याचा प्रश्न पुन्हा वाचा, प्लॅनिंगच्या बाईंशी त्याची पंधरा मिनिटांची गाठ घालून द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला विचारा. नको म्हणाला तर क्वालिटीच्या मेंटॉरना तिसरा देण्यापेक्षा त्याला बाहेरच्या विभागातला कोणी शोधा. ज्याला तिसरीही पसंती मिळाली नाही त्याची जोडी जबरदस्तीने लावली तर ती पहिल्या महिन्यातच बंद पडते.

खडीसाखर

पत्रिका बघताना एवढी मेहनत घेत नाहीत 😄 एक विचारते. चौदांत मुली किती आहेत? मुलींना बाई मेंटॉरच द्याव्यात असं माझं मत आहे.

ओसरी

मुली चार. सीनियरमध्ये बाया दोनच, प्लॅनिंग आणि डिझाइनमध्ये.

मीठभाकर

मग त्या दोघींच्या गळ्यात चारही मुली पडतील आणि मुलींना टूलरूमचे किंवा मेंटेनन्सचे मेंटॉर कधीच मिळणार नाहीत. फॉर्ममध्ये एक ओळ ठेवा: "मेंटॉर बाई असाव्यात अशी माझी इच्छा आहे / काही फरक पडत नाही." जी मागेल तिला आधी द्या. बाकी भेटीची जागा सगळ्यांसाठी एकच ठेवा: काचेची कॉन्फरन्स रूम किंवा कँटीन, दिवसाच्या वेळी. फक्त मुलींसाठी वेगळा नियम केला की मेंटॉर बिचकतात. आणि पहिल्याच बैठकीत सांगा की लैंगिक छळाची तक्रार मेंटॉरने सोडवायची नसते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तिथे जायचं.

पाना_पक्कड

याला जोडून. मेंटॉर ऐकलेलं बाहेर सांगणार नाही हे वचन द्यायचंच, पण त्याला कुंपण पहिल्या भेटीतच घालायचं. ट्रेनी म्हणाला की "प्रेसचा सेफ्टी इंटरलॉक बायपास करून चालवतोय, सुपरवायझरने सांगितलं", तर मेंटॉरला गप्प राहता येणार नाही. इजा होण्याचा धोका, छळ, पैशांची अफरातफर, या तीन गोष्टी पुढे जातील, बाकी काही जाणार नाही. आधी सांगितलं असेल तर ट्रेनीला फसवल्यासारखं वाटत नाही.

आता ओसरीताईंचा दुसरा प्रश्न, जो सगळे विसरलेत.

जोडी बंद करण्याचं अवघड काम तेव्हा होतं, जेव्हा बंद करणं म्हणजे अपयश असं ठरून जातं. फक्त न चाललेल्या जोड्याच मध्येच संपल्या तर ज्याची संपली त्याच्याकडे सगळे बघतात. त्यामुळे सहाव्या आठवड्याला सगळ्याच जोड्या संपवा. पहिल्या दिवशीच्या कागदावर तसं लिहा: "ही जोडी १५ फेब्रुवारीपर्यंत आहे. त्यानंतर पुढे ठेवायची की नवी करायची हे दोघांना स्वतंत्र विचारलं जाईल." म्हणजे पुढे चालू ठेवायला होकार लागतो, थांबवायला कोणाला काही करावं लागत नाही.

विचारताना तीनच प्रश्न, फोनवर, आधी ट्रेनीला आणि मग मेंटॉरला. शेवटची भेट कधी झाली? पुढची तारीख ठरली आहे का? हीच जोडी ठेवू की बदलू? तिसऱ्यावर कारण विचारायचं नाही. त्याने सांगितलं तरी लिहून घ्यायचं नाही. कारण विचारलं की ट्रेनी ते गोड करायला लागतो आणि शेवटी "राहू द्या, चालेल" म्हणतो.

खरं तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोनांतच मिळतं. तारखा पटकन सांगता आल्या तर जोडी जिवंत आहे. "अधूनमधून भेटतो, बरं चाललंय" म्हणाला आणि पुढची तारीख नाही, तर ती संपलेली आहे. कागदावर काहीही असो.

गोदाकाठ

एखादा २५ वर्षं काम केलेला माणूस सहा आठवड्यांत "बदललेला" ठरला तर त्याला काय वाटेल? तो पुन्हा या कार्यक्रमात येईल का? मी आलो नसतो.

पाना_पक्कड

गोदाकाठ, हा धोका खरा आहे, म्हणून निरोप कसा जातो ते महत्त्वाचं. बदल झालेल्या जोड्यांना दोघांनाही एकाच वेळी, एकाच मजकुराचा निरोप पाठवायचा: "तुमची पहिली फेरी १५ फेब्रुवारीला पूर्ण झाली. भेटींबद्दल आभार. दुसऱ्या फेरीची जोडी सोमवारपर्यंत कळवतो." कोणी मागितलं हे कोणालाच सांगायचं नाही, विचारलं तरीही. आणि मेंटॉरला रिकामं ठेवायचं नाही, दुसऱ्या फेरीत त्याला दुसरा ट्रेनी द्यायचा. बदल दोन-तीन जोड्यांत होणारच. एकही झाला नाही तर समजा की ट्रेनींनी खरं सांगितलेलं नाही.

मीठभाकर

हे चौदाच ट्रेनी असलेल्या प्लँटमध्ये लपत नाही हो. कँटीनमध्ये दुपारपर्यंत कळतं. आणि ट्रेनी एचआरला खरं सांगेल हेही गृहीत धरू नका. त्याच्यासाठी एचआर म्हणजे कन्फर्मेशन लेटर देणारं खातं. फोन ओसरीताईंनी न करता गेल्या वर्षी कन्फर्म झालेल्या एखाद्या ज्युनियर इंजिनियरने करावा, जो यात मेंटॉरही नाही आणि ट्रेनीही नाही. त्याने ओसरीताईंना फक्त यादी द्यायची: कोणत्या जोड्या पुढे, कोणत्या नव्या.

निळावंती

मीठभाकर यांची सूचना घ्याच. न लपण्याबद्दल माझ्याकडेही पक्का उपाय नाही. पहिल्या फेरीनंतर मुद्दाम एक-दोन चांगल्या चाललेल्या जोड्याही बदलाव्यात, म्हणजे बदल खुणेसारखा दिसणार नाही, असं काही जण सुचवतात. मला ते आवडत नाही. जे चाललंय ते देखाव्यासाठी का मोडायचं?

ओसरी

फोनसाठी एक मुलगी डोळ्यासमोर आहे, गेल्या वर्षी कन्फर्म झालेली, सगळ्यांशी बोलणारी. आणि जूनमधला शेवट? कार्यक्रम, प्रमाणपत्रं, ते ठेवू की नको?

पाना_पक्कड

कार्यक्रम ठेवा, पण शेवट कार्यक्रमात होत नाही, त्या जोडीच्या शेवटच्या भेटीत होतो. स्टेजवर फोटो झाला आणि शेवटची भेट राहून गेली, असं बऱ्याच ठिकाणी होतं. मग ट्रेनीला कळत नाही की आता सरांना फोन करायचा की नाही. मेंटॉरला वाटतं, पोरगं काम झाल्यावर विसरलं.

शेवटाची सुरुवात दोन भेटी आधी करा. मेच्या अखेरच्या भेटीत मेंटॉरने म्हणायचं, "आता आपल्या दोन भेटी उरल्या, त्यात काय घ्यायचं?" एवढ्या एका वाक्याने मनात ठेवलेला खरा प्रश्न बाहेर येतो. शेवटच्या तासात तीन गोष्टी. फॉर्ममधला पहिला प्रश्न काढून वाचायचा आणि त्यातलं किती जमलं ते ट्रेनीने सांगायचं, मेंटॉरने नाही. जे राहिलं त्यासाठी पुढे कोणाकडे जायचं, त्याची दोन नावं मेंटॉरने द्यायची आणि त्या दोघांना स्वतः फोन करून ठेवायचा. तिसरं, यापुढे संबंध कसा राहील ते उघड बोलायचं: "अडलं तर फोन कर" की "कँटीनमध्ये भेटू, पण ठरलेल्या भेटी संपल्या". दोन्ही चालेल, मोघम राहायला नको.

टिपणं ज्याची त्याच्याकडे. एचआरकडे फक्त दोन नोंदी: संपल्याची तारीख आणि भेटींची संख्या. प्रमाणपत्र दोघांना सारखंच द्या आणि "उत्कृष्ट जोडी" असलं बक्षीस अजिबात ठेवू नका.

गोदाकाठ

हे शेवटच्या भेटीचं पटलं. पुढच्या दोघांना मेंटॉरने स्वतः फोन करायचा, ही जुन्या मिस्त्रींची रीत. ते पोराला दुसऱ्या कारखान्यात पाठवताना असंच करायचे. पण जोडी चांगली असेल तर जुलैनंतरही चालू ठेवू द्या की.

निळावंती

चालू ठेवू द्या, पण कार्यक्रमाच्या बाहेर, आणि ऑगस्टचं कन्फर्मेशन हातात पडल्यावर. मधल्या काळात ठरलेल्या भेटी नकोत. सप्टेंबरमध्ये दोघं आपणहून भेटले तर ते तुम्ही म्हणता तसं आपसूक नातं झालं, त्यात एचआरने पडू नये.

सुतारपक्षी

मध्येच मेंटॉरने राजीनामा दिला तर? आमच्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये बरेच जण जातात.

पाना_पक्कड

नोटीस पीरियड सुरू झाला की त्या आठवड्यातच शेवटची भेट ठेवा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्या माणसाचं लक्ष हँडओव्हरमध्ये असतं. आणि तो का चाललाय हा विषय ट्रेनीसमोर निघणारच, तेव्हा भेट लवकर आणि छोटी बरी. नवा मेंटॉर ट्रेनीने उरलेल्या पसंत्यांतून निवडावा, पण जुन्याने आपली टिपणं नव्याला देऊ नयेत. ट्रेनीला हवं ते तो स्वतः सांगेल.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज प्लँट हेडशी बोलले. जूनअखेर आणि कामाच्या वेळेत भेट, दोन्ही मान्य. १४० तासांवर त्यांनी विचारलं, "महिनाअखेरचे चार दिवस सोडता येतील का?" मी हो म्हटलं. मेंटॉरचा क्रम घ्यायचा की फक्त नकाराचा हक्क द्यायचा, ते मेंटॉरांनाच शनिवारच्या बैठकीत विचारणार आहे. १५ फेब्रुवारीच्या फोननंतर किती जोड्या बदलल्या ते इथे येऊन लिहीन.

आकडेमोड्या

महिनाअखेरचे चार दिवस वजा केले तर रोटेशनवाल्यांच्या खिडक्या पुन्हा मोजा. ज्यांची रात्रपाळी त्या चार दिवसांच्या लगेच आधीच्या आठवड्यात येते, त्यांचे सलग दहा-बारा दिवस जातील.

ओसरी

अरे हो. तपासते.